बिटकॉइनच्या आलेखातली रिकामी जागा: भाव खरेच परत येतो का?

2 मार्च 2025 चा रविवार. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की देशाच्या क्रिप्टो राखीव साठ्यात काही नाणी असतील आणि त्यात बिटकॉइनही असेल. सुमारे 85 हजार डॉलरच्या आसपास रेंगाळणारा बिटकॉइन काही तासांत 95 हजारांच्या जवळ गेला. जगभरातल्या क्रिप्टो बाजारांत या चढणीच्या प्रत्येक पायरीवर खरेदी-विक्री झाली. शिकागोचा एक बाजार मात्र बंद होता. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंज, म्हणजे सीएमई, या वायदे बाजारातले बिटकॉइन फ्युचर्सचे व्यवहार शुक्रवारी थांबले, तेव्हा भाव 85 हजारांच्या किंचित खाली होता. आपल्याकडच्या सोमवारी पहाटे साडेचार वाजता ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा भाव 93-94 हजारांच्या पट्ट्यात होता. आलेखावर या दोन आकड्यांच्या मध्ये एकही कॅंडल नव्हती. या रिकाम्या जागेलाच ट्रेडर मंडळी ‘सीएमई गॅप’ म्हणतात.

पुढच्या दोन दिवसांत भाव कोसळला आणि 4 मार्चपर्यंत ती जागा पूर्ण भरून निघाली. ‘गॅप भरतेच’ हे वाक्य त्या आठवड्यात पुन्हा असंख्य ट्रेडरांच्या तोंडी आले. मराठी ट्रेडिंग ग्रुपमध्येही सोमवारी सकाळी हा आलेख फिरतो आणि त्याच्या आधारे पैसे लावले जातात. म्हणून ही गॅप कशी तयार होते, भाव तिच्याकडे परततो का, आणि परतत असेल तर कशामुळे, हे नीट पाहायला हवे.

गॅप पडते कशी?

सीएमईने बिटकॉइन फ्युचर्स डिसेंबर 2017 मध्ये सुरू केले. एक करार 5 बिटकॉइनचा असतो. मुदत संपल्यावर कोणी कोणाला नाणे देत नाही, भावातला फरक रोखीत चुकता होतो. बँका, फंड आणि मोठे व्यापारी आपली जोखीम झाकण्यासाठी हा बाजार वापरतात. त्याची वेळ अमेरिकेच्या इतर वायदे बाजारांसारखीच ठेवली गेली. शिकागोतल्या वेळेनुसार शुक्रवारी दुपारी चारला बंद आणि रविवारी संध्याकाळी पाचला सुरू. भारतात तो शनिवारी पहाटे अडीच किंवा साडेतीनला थांबतो आणि सोमवारी पहाटे साडेतीन किंवा साडेचारला उघडतो; हा तासाभराचा फरक अमेरिकेतल्या उन्हाळी-हिवाळी वेळेमुळे पडतो. मधले 49 तास सीएमईचे दार बंद असते.

प्रत्यक्ष नाण्याचा बाजार, ज्याला स्पॉट म्हणतात, तो मात्र चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालतो. शनिवार-रविवारी स्पॉटचा भाव चार टक्के चढला, तर फ्युचर्स सोमवारी थेट चार टक्के वर उघडतात. आलेखावर शुक्रवारची शेवटची कॅंडल खाली, सोमवारची पहिली वर आणि मध्ये मोकळी जागा दिसते. भाव पुन्हा शुक्रवारच्या बंद भावापर्यंत आला की ‘गॅप भरली’ असे म्हणतात.

शेअर बाजारात गॅप पडते तेव्हा त्या मधल्या भावांना खरोखरच कोणाचा सौदा झालेला नसतो. म्हणून तिथे निदान असा युक्तिवाद करता येतो की त्या पट्ट्यात खरेदीदार आणि विक्रेत्यांची गाठच पडलेली नाही, ते काम बाजाराला परत येऊन पूर्ण करावे लागेल. बिटकॉइनला हा युक्तिवाद लागू होत नाही. 2 मार्चच्या रविवारी 86, 88, 90 आणि 92 हजारांना भरपूर सौदे झाले होते. ते शिकागोत झाले नाहीत, एवढेच. बिटकॉइनच्या भावात खंड पडलेलाच नव्हता. तो फक्त एका बाजाराच्या वेळापत्रकात होता. अर्धवट राहिलेले काही काम भावाला मागे ओढते, ही कल्पना इथेच ढिली पडते.

भरली आणि न भरलेली

आता दोन जुन्या गॅप पाहू.

जुलै 2020 मध्ये 24 तारखेच्या शुक्रवारी सीएमईवर भाव 9,665 डॉलरच्या आसपास बंद झाला आणि रविवारी संध्याकाळी सुमारे 9,900 ला उघडला. गॅप जेमतेम अडीच टक्क्यांची होती. दुसऱ्याच दिवशी बिटकॉइन 11 हजारांच्या वर गेला. सप्टेंबरमध्ये बाजार घसरून दहा हजारांच्या काठावर आला, तेव्हा अनेकांची खात्री पटली की आता 9,665 येणारच. भाव तिथवर पोचला नाही. ऑक्टोबरपासून तेजी सुरू झाली, डिसेंबरात 20 हजारांचा टप्पा ओलांडला गेला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजारांचा उच्चांक आला. नंतरच्या मंदीत, एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडाले त्या नोव्हेंबर 2022 मध्येही भाव साडेपंधरा हजारांच्या आसपास थांबला. ती अडीच टक्क्यांची गॅप अजून उघडी आहे.

दुसरी गॅप नोव्हेंबर 2024 मधली. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक नुकतीच झाली होती. शुक्रवारी 8 तारखेला सीएमईवर बिटकॉइन सुमारे 78 हजारांना बंद झाला आणि पुढच्या सत्रात साडेऐंशी हजारांच्या आसपास उघडला. ही गॅप भरली, पण मार्च 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात, भाव 77 हजारांच्या खाली उतरला तेव्हा. म्हणजे चार महिन्यांनी. आलेखावर आज ती ‘भरलेली गॅप’ म्हणून नोंदली जाते आणि नियमाच्या बाजूने मोजली जाते.

त्या चार महिन्यांत गॅपवर विश्वास ठेवणाऱ्याचे काय झाले असते, तेही पाहा. समजा एकाने साडेऐंशी हजारांना शॉर्ट केले, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधी विकले. लक्ष्य 78 हजार, अपेक्षित नफा एका बिटकॉइनमागे अडीच हजार डॉलर, म्हणजे सुमारे तीन टक्के. त्याच सोमवारी भाव 88 हजारांवर गेला. त्याने पाचपट लिव्हरेज घेतले असेल, म्हणजे स्वतःचा एक रुपया लावून पाच रुपयांचा सौदा केला असेल, तर भाव वीस टक्के वर जाताच त्याचे सगळे भांडवल संपते. वीस टक्के वर म्हणजे 96,600. नोव्हेंबरच्या 21 तारखेला भाव त्यापलीकडे गेला. दोन आठवड्यांच्या आत त्याचा सौदा एक्स्चेंजने जबरदस्तीने बंद केला असता. लिव्हरेज न घेणाऱ्यालाही 20 जानेवारी 2025 ला 1 लाख 9 हजारांचा भाव पाहावा लागला असता, म्हणजे अडीच हजारांच्या नफ्यासाठी साडेअठ्ठावीस हजारांचा तोटा उरावर घेऊन बसावे लागले असते. नंतर गॅप भरली, पण तोवर सौद्यात कोण उरला होता?

जवळची जागा सापडतेच

‘नव्वद टक्क्यांहून जास्त गॅप भरतात’ असा दावा सर्रास केला जातो. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण त्याचा अर्थ लावण्याआधी विचारायला हवे: गॅपमध्ये काहीही ओढ नसती, तर किती भरल्या असत्या?

ओसरीवर येरझारा घालणाऱ्या माणसाची कल्पना करा. तो कुठेही जायच्या इराद्याने चालत नाही. तरीही उंबरठा त्याच्यापासून दोन पावलांवर असेल, तर थोड्या वेळात तो तिथे पोचणारच. उंबरठ्याने त्याला बोलावले म्हणून नव्हे, उंबरठा जवळ आहे म्हणून. अंगणाचे फाटक पन्नास पावलांवर असेल, तर तो तिथे आज जाईल की महिन्याने, की कधीच नाही, हे सांगता येत नाही.

बिटकॉइनलाही हाच हिशेब लावता येतो. त्याच्या भावात दिवसाला साधारण अडीच टक्क्यांची हालचाल धरू. त्याच्या इतिहासाकडे पाहता हे गृहीतक भरमसाट नाही. भावाला वर किंवा खाली जाण्याची कोणतीही ओढ नाही असेही मानू. मग एखाद्या पातळीला ठरावीक मुदतीत भाव शिवेल याची शक्यता संभाव्यता-शास्त्रातल्या एका साध्या नियमाने काढता येते. एक टक्का दूर असलेल्या पातळीला आठवड्याभरात भाव शिवण्याची शक्यता 88 टक्के निघते. चार टक्के दूर असेल तर 55 टक्के. दहा टक्के दूर असेल तर 13 टक्के. मुदत वर्षभराची दिली, तर हेच आकडे 98, 93 आणि 83 टक्के होतात.

हे आकडे गॅपचे नाहीत. आलेखावर डोळे मिटून मारलेल्या कोणत्याही रेघेचे आहेत. बहुतेक शनिवार-रविवारी भाव फार हलत नाही, त्यामुळे बहुतेक गॅप एक-दोन टक्क्यांच्या असतात. त्यांतल्या दहापैकी नऊ भरल्या, तर त्यात नवल काहीच नाही. तेवढ्याच अंतरावरची कोणतीही जागा तितक्याच वेळा भरली असती. आणि ‘कधी ना कधी’ अशी मुदत दिली, की मोठ्या गॅपही यादीत येऊन बसतात.

या हिशेबाला एक मर्यादाही आहे. खरा बिटकॉइन दिशाहीन चाललेला नाही. 2017 पासून आजवर त्याचा कल एकंदरीत वर राहिला आहे. कल वर असतो तेव्हा वरच्या बाजूला राहिलेल्या गॅप भरण्याची शक्यता वाढते आणि खालच्या बाजूला राहिलेल्या काही गॅप कायमच्या मागे पडतात. म्हणूनच 9,665 ची गॅप इतकी वर्षे उघडी राहू शकते. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हाच्या शनिवार-रविवारी 20 हजार डॉलरच्या आसपास पडलेली गॅपही तशीच उघडी आहे, कारण त्यानंतर भाव कधी तिथवर उतरलेलाच नाही. गॅपच्या नियमावर विश्वास ठेवणारे तिला ‘अजून न भरलेली’ म्हणतात. या ‘अजून’ शब्दामुळे नियम कधीच खोटा ठरत नाही. आणि जो नियम खोटा ठरूच शकत नाही, त्याच्यावर पैसे लावता येत नाहीत.

आरशाची कसोटी

गॅपमध्ये खरोखर ओढ आहे का, हे तपासण्याची एक चांगली रीत आहे आणि ती कोणालाही घरी करता येते. समजा शुक्रवारी भाव 1,00,000 ला बंद झाला आणि सोमवारी 1,04,000 ला उघडला. गॅप खाली चार हजारांची. आता वरच्या बाजूला तितक्याच अंतरावर, 1,08,000 ला, एक रेघ मारा. ही गॅपची आरशातली प्रतिमा. मग एवढेच पाहा की भाव आधी कोणत्या रेघेला शिवतो. ओढ नसेल, तर दीर्घकाळात दोन्ही बाजू साधारण बरोबरीत सुटतील. गॅपची बाजू ठळकपणे पुढे राहिली, तरच तिच्यात काही खास आहे असे म्हणता येईल. या रीतीत ‘कधी ना कधी’ला जागा नाही, प्रत्येक गॅपचा निकाल एकदाच लागतो.

वरच्या तीन उदाहरणांना ही कसोटी लावा. जुलै 2020 ची आरशातली पातळी 10,100 च्या थोडी वर होती; भावाने ती एका दिवसात गाठली, गॅप आजवर नाही. नोव्हेंबर 2024 ची पातळी 83 हजार. तीही त्याच सोमवारी मागे पडली. मार्च 2025 ची पातळी 1 लाखाच्या वर होती आणि तिथे गॅप आधी भरली. तीन उदाहरणांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण ‘भरल्या का’ असे विचारले तर तीनपैकी दोन गॅप नियमाच्या बाजूने जातात, आणि ‘आधी कुठे गेला’ असे विचारले तर एकच. प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे खोटी गॅप. दर महिन्याचा करार त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संपतो. `BTC1!` या नावाने दिसणारा सलग आलेख त्यानंतर पुढच्या महिन्याच्या करारावर उडी घेतो. पुढच्या महिन्याचा भाव बहुधा थोडा जास्त असतो, त्यामुळे बाजार जागचा हलला नसला, तरी आलेखावर गॅप दिसते. महिनाअखेरच्या सोमवारी अशी गॅप दिसली, तर त्या विशिष्ट महिन्याच्या कराराचा स्वतंत्र आलेख उघडून खात्री करावी. दुसरी फसगत ‘भरली’ कशाला म्हणायचे याची. कॅंडलची नुसती वात काठाला लागली तर भरली? निम्मी भरली तर काय? हे आधी ठरवून लिहून ठेवले नाही, तर मन आपल्याला हवी तशी मोजणी करते.

मग ओढ अजिबात नाही का?

एका कारणाला खरा आधार आहे. शनिवार-रविवारी मोठ्या संस्था बाजारात कमी असतात. सीएमई बंद, जानेवारी 2024 पासून अमेरिकेत सुरू झालेले स्पॉट बिटकॉइन ईटीएफ बंद, बँकांचे डॉलर व्यवहार मंद. खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी विरळ असल्या, की मध्यम आकाराचा सौदाही भाव बराच हलवतो. अशी हालचाल केवळ विरळ बाजारामुळे झाली असेल, तर सोमवारी मोठे व्यापारी परतल्यावर ती काही अंशी पुसली जाण्याची शक्यता असते. शिवाय पुष्कळ ट्रेडर गॅपच्या काठावर ऑर्डरी लावून बसतात, त्यामुळे भाव तिथे पोचला की थोडा वेळ त्या जागेला महत्त्व येते.

पण हे कारण हालचालीचे आहे, रिकाम्या जागेचे नाही. म्हणून गॅप पाहताना रविवारी भाव का हलला, हे आधी विचारावे. मोठ्या बातमीने हलला असेल, तर पुढचा भाव त्या बातमीचे काय होते यावर चालेल. मार्च 2025 मध्ये राखीव साठ्याच्या बातमीवर भाव चढला. लगेच सोमवारी कॅनडा आणि मेक्सिकोवरचे आयात शुल्क लागू होणार हे ट्रम्प यांनी पक्के केले आणि शेअर बाजारासकट सगळेच घसरले. शुल्काची बातमी आली नसती, तर गॅप त्या आठवड्यात भरली असती का? गॅपच्या आधारे याचे उत्तर देता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये निवडणुकीच्या निकालाची बातमी टिकाऊ होती आणि भाव चार महिने मागे फिरला नाही.

भारतातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन भरण्यासाठी पैसे पाठवता येत नाहीत. म्हणजे सीएमईचा आलेख पाहून इथला ट्रेडर सौदा करतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर, चोवीस तास चालणाऱ्या, मुदत नसलेल्या फ्युचर्समध्ये. त्या करारात ही गॅप कधी पडलेलीच नसते. ज्या बाजारात आपला पैसा आहे, तिथल्या आलेखावर नसलेल्या जागेकडे भाव परतेल, या आशेवर तो लिव्हरेज घेतो. त्याने स्पॉटमध्ये प्रत्यक्ष नाणी घेऊन-विकून हा खेळ केला, तर नफ्यावर 30 टक्के कर लागतो आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तीन टक्क्यांच्या गॅपसाठी हा हिशेब फारच महाग पडतो.

या गॅपचे आयुष्यही आता मोजके आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सीएमईने जाहीर केले की नियामकांची संमती मिळाल्यावर 2026 मध्ये तिथले क्रिप्टो फ्युचर्स आणि ऑप्शन्स आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालतील. शनिवार-रविवारी देखभालीसाठी किमान दोन तासांचीच विश्रांती असेल. 49 तासांची सुट्टी संपली की नव्या मोठ्या गॅप पडणे जवळपास थांबेल. उरतील त्या जुन्या, आणि त्यांच्या नावाने केलेली भाकिते.

माझे मत असे: छोट्या गॅप बहुधा भरतात, कारण त्या जवळ असतात. मोठ्या गॅप कधी भरतात, कधी नाही, आणि त्या भरतील की नाही हे गॅपकडे पाहून कळत नाही. पुढच्या वेळी कोणी ‘गॅप भरणारच’ म्हणून सौदा सुचवला, तर त्याला तीन गोष्टी विचारा: किती दिवसांत, तेवढ्याच अंतरावरच्या उलट बाजूच्या पातळीच्या तुलनेत किती वेळा, आणि तोवर भाव विरुद्ध गेला तर तोटा कुठे थांबवायचा. या तिन्हींची आकड्यांत उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या सौद्यात पैसे घालू नका.